चाळीसचे पंधरा कसे झाले

दोन माणसांनी एकच नोंद उघडून ठेवली आणि एकामागून एक सेव्ह केली, तर दुसऱ्याच्या सेव्हखाली पहिल्याचं काम गाडलं जातं. पडद्यावर मात्र दोघांनाही ‘माहिती जतन झाली’ असंच दिसतं. बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याची संगणक प्रणाली मी सांभाळतो. आमच्याकडे हा प्रकार एका बेअरिंगवरून उघडकीला आला. कारखान्याचं आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण नंतर मी शोधायला लागलो तेव्हा हाच दोष इतरही बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सापडला.

बेअरिंग होतं ६२०५. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. कन्व्हेयरच्या रोलरपासून छोट्या मोटरपर्यंत कुठेही बसणारं, आणि म्हणूनच स्टोअरमध्ये ‘असेलच’ असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. आयटम मास्टरमध्ये त्याची एक नोंद होती. वर्णन, रॅक नंबर, पुरवठादार, शेवटचा दर, लीड टाइम म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल गेटवर यायला लागणारे दिवस, आणि रीऑर्डर लेव्हल म्हणजे साठा किती खाली आला की नवी मागणी काढायची तो आकडा. हा शेवटचा आकडा साध्या हिशोबाने निघतो: रोजचा खप गुणिले लीड टाइम, अधिक थोडा राखीव साठा. रोज एक बेअरिंग लागत होतं, माल दहा दिवसांत यायचा, राखीव पाच धरले होते, म्हणून लेव्हल १५.

मग नवी लाइन सुरू झाली आणि खप रोज तीनवर गेला. आमच्या स्टोअरच्या भाऊंनी कागदावर हिशोब मांडला. तीन गुणिले दहा, अधिक राखीव दहा, म्हणजे ४०. सकाळी त्यांनी नोंद उघडली, १५ खोडून ४० टाकले आणि सेव्ह केलं. त्याच सकाळी पर्चेसच्या मॅडमनीही तीच नोंद उघडलेली होती. त्यांना पुरवठादार बदलायचा होता, आणि नव्या पुरवठादाराचा लीड टाइम दहाऐवजी सोळा दिवसांचा होता. त्यांनी पान भाऊंच्या आधी उघडलं आणि सेव्ह भाऊंच्या नंतर केलं. मधल्या वेळात त्या फोनवर दराची घासाघीस करत होत्या. त्यांच्या पडद्यावर रीऑर्डर लेव्हलच्या चौकटीत अजून १५ होते, कारण पान उघडलं तेव्हा डेटाबेसमध्ये १५च होते. त्या चौकटीला त्यांनी हातही लावला नाही. पण आमचं सॉफ्टवेअर सेव्ह करताना बदललेली चौकट वेगळी काढत नसे. पडद्यावरच्या सगळ्या चौकटी, जशा दिसतात तशा, डेटाबेसमध्ये परत लिहीत असे. रजिस्टरच्या चालू पानावर त्याच पानाची जुनी झेरॉक्स चिकटवावी, तसं झालं. सोळा दिवस लिहिले गेले, आणि चाळीसचे पंधरा झाले.

पुढचं गणित कुणीही करू शकेल. साठा ४० झाला तेव्हा यंत्रणा गप्प राहिली. १५वर आल्यावर मागणी निघाली. रोज तीनच्या खपाने पंधरा बेअरिंग पाच दिवस पुरतात, आणि माल यायचा सोळाव्या दिवशी. मधल्या अकरा दिवसांसाठी नागपूरच्या बाजारातून रोखीने, चढ्या दराने बेअरिंग आणावे लागले. तेही वेळेत पोहोचले नाहीत म्हणून एक शिफ्ट लाइन उभी राहिली.

मग मीटिंग. भाऊंना विचारलं, नवी लाइन आली तरी लेव्हल का वाढवली नाही? ते म्हणाले, “मी स्वतःच्या हातानं चाळीस टाकले होते ना साहेब, आता पंधरा कसे दिसून रायले?” पडद्यावर शेवटचा बदल मॅडमच्या नावावर होता. मॅडम म्हणाल्या, मी लेव्हलला हात लावलेलाच नाही. एकाच्या म्हणण्याला पुरावा नाही, दुसऱ्याच्या विरोधात पुरावा आहे, आणि दोघंही खरं बोलत होते. या दोषाचा मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. तो पैशाचं नुकसान करतोच, वर प्रामाणिक माणसाला खोटं पाडतो. भाऊंनी त्यानंतर काही काळ प्रत्येक बदलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सुरुवात केली होती. लोक पडद्याचे फोटो काढायला लागले, तर त्यांच्या सवयीला हसू नका. आपल्या सॉफ्टवेअरकडे बघा.

छडा कसा लागला, ते थोडं तपशिलाने सांगतो, कारण अशा वेळी नेमकं काय चाळायचं हे माहीत असलेलं बरं. आयटम मास्टरच्या तक्त्यात ‘शेवटचा बदल कुणी केला’ एवढाच एक रकाना होता. त्यात शेवटचंच नाव राहतं, त्याआधीचं पुसलं जातं, म्हणून तो निरुपयोगी. पण आमचा डेटाबेस मायएसक्यूएल होता आणि त्याचा बायनरी लॉग चालू होता. रोजच्या बॅकअपबरोबर आम्ही त्या लॉगच्या फायलीही दुसऱ्या डिस्कवर ठेवत होतो. हे महत्त्वाचं, कारण मूळ सर्व्हरवरून या फायली मुदत संपली की आपोआप निघून जातात. मायएसक्यूएल ८मध्ये ती मुदत न बदलल्यास ३० दिवसांची असते. त्या दिवसाची फाइल `mysqlbinlog -v --base64-output=DECODE-ROWS` या आज्ञेने उघडली. लॉग ‘रो’ प्रकारचा असेल तर त्यात प्रत्येक बदलाची आधीची आणि नंतरची ओळ मिळते. अनावश्यक रकाने गाळून मॅडमच्या सेव्हची नोंद अशी होती:

```
### UPDATE `stores`.`item_master`
### WHERE
###   @1=4127
###   @9=40
###   @11=10
### SET
###   @1=4127
###   @9=15
###   @11=16
```

नववा रकाना रीऑर्डर लेव्हलचा, अकरावा लीड टाइमचा. याच्या थोडं वर भाऊंची नोंद होती: १५चे ४०. म्हणजे त्यांचे चाळीस खरोखर डेटाबेसमध्ये पोहोचले होते आणि काही मिनिटं तिथे राहिलेही होते. मी ही दोन पानं छापून मीटिंगच्या टेबलावर ठेवली. पुढे चर्चा माणसांवरून सॉफ्टवेअरवर आली.

सॉफ्टवेअर कंपनीचा पहिला पवित्रा ठरलेला होता: “आमच्याकडे ट्रान्झॅक्शन आहे, असं होऊच शकत नाही.” हा गैरसमज इतका पक्का रुजलेला असतो की त्याचं उत्तर तयार ठेवावं. ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसला दिलेलं कामांचं एक गाठोडं, जे पूर्ण होतं किंवा अजिबात होत नाही. मॅडमनी पान उघडलं तेव्हा एक ट्रान्झॅक्शन सुरू होऊन क्षणात संपलं. सेव्ह केलं तेव्हा दुसरं सुरू झालं आणि संपलं. मधला सगळा वेळ, फोनवरचा, चहाचा, विचार करण्याचा, दोन्हींच्या बाहेर होता. डेटाबेसच्या नजरेतून कुठेच काही चुकलं नाही. एकाने चाळीस लिहायला सांगितले, नंतर दुसऱ्याने पंधरा लिहायला सांगितले, त्याने दोन्ही आज्ञा चोख पाळल्या. दुसऱ्याचे पंधरा शिळ्या माहितीवरचे आहेत, हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

ते कळवण्याची पद्धत जुनी आणि सोपी आहे. एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी १९८१ साली एका शोधनिबंधात तिची मांडणी केली. आधी कुलूप लावून इतरांना अडवू नका, सगळ्यांना काम करू द्या, आणि लिहिण्याच्या क्षणी फक्त तपासा की आपण वाचलं त्यानंतर कुणी बदल केला आहे का. व्यवहारात यासाठी तक्त्यात एक रकाना वाढवायचा, `version`. नोंद पडद्यावर आणताना तो आकडाही सोबत आणायचा. सेव्ह करताना म्हणायचं, की आवृत्ती अजून तीच असेल तरच लिही, आणि लिहिताना ती एकाने वाढव:

```sql
UPDATE item_master
SET    lead_days = 16, reorder_qty = 15,
       version = version + 1
WHERE  item_id = 4127 AND version = 7;
```

भाऊ आणि मॅडम, दोघांनी नोंद उघडली तेव्हा आवृत्ती ७ होती. भाऊंनी आधी सेव्ह केलं, आवृत्ती ८ झाली. मॅडमची आज्ञा गेली तेव्हा ४१२७ क्रमांकाची आणि ७ आवृत्तीची ओळ डेटाबेसमध्ये उरलीच नव्हती. डेटाबेस सांगतो, ‘बदललेल्या ओळी: ०’. हे शून्य म्हणजेच आपल्याला हवी असलेली सूचना. तपासणी आणि लेखन एकाच आज्ञेत असल्याने मधे तिसरा कुणी घुसायला फटही राहत नाही. आधी वेगळ्या प्रश्नाने आवृत्ती बघायची आणि मग लिहायचं, असं दोन टप्प्यांत केलं तर ती फट पुन्हा उघडते.

एवढं करून काम संपेल असं मला वाटलं होतं. संपलं नाही. कंपनीने पहिली सुधारणा पाठवली तेव्हा तक्त्यात `version` रकाना होता, आज्ञेत `AND version` होतं, आणि तरीही दुसरी सेव्ह पहिलीला बिनदिक्कत गाडत होती. कोड मागवून पाहिला. सेव्हचं बटण दाबलं की सर्व्हर डेटाबेसमधून नोंद नव्याने वाचत होता, तिच्यावर फॉर्ममधले आकडे ओतत होता, आणि त्या ताज्या नोंदीची आवृत्ती आज्ञेत घालत होता. म्हणजे मॅडम सेव्ह करणार तेव्हा सर्व्हर ८ वाचणार, ८ आहे का हे तपासणार, आणि अर्थातच ते जुळणार. तपासणी होत होती, पण बटण दाबल्यापासून लिहीपर्यंतच्या काही मिलिसेकंदांची. पान उघडलं त्या क्षणापासूनची होतच नव्हती. आवृत्तीचा आकडा माणसाने पान उघडलं तेव्हाचा हवा. तो फॉर्मसोबत, दडवलेल्या चौकटीत, पडद्यावर जाऊन परत आला पाहिजे.

ही चूक फार पसरलेली आहे, आणि तयार साधनं वापरणाऱ्यांकडून जास्त होते. हायबरनेटमध्ये `@Version` लिहिलं, रेल्समध्ये `lock_version` रकाना टाकला, एसक्यूएल सर्व्हरमध्ये `rowversion` लावला, की आपण सुरक्षित झालो असं वाटतं. साधन आपलं काम करतं, पण त्याला हातात दिलेली नोंद कधी वाचलेली आहे हे त्याला माहीत नसतं. सेव्हच्या वेळीच ताजी वाचलेली नोंद दिली, तर ते ताज्याची ताज्याशी तुलना करतं. हायबरनेटमध्ये तर नोंद ताजी वाचून तिच्यावर जुना आवृत्ती-क्रमांक हाताने लिहिला, तरी तो विचारात घेतला जात नाही. अशा वेळी फॉर्ममधून आलेला क्रमांक आणि ताजा क्रमांक यांची तुलना आपणच कोडमध्ये करून थांबावं लागतं.

दुसऱ्या सुधारणेत आणखी एक गंमत होती. आता आज्ञा खरोखर नाकारली जात होती, पण ते शून्य कुणी वाचतच नव्हतं. डेटाबेसच्या दृष्टीने शून्य ओळी बदलणं ही त्रुटी नसते, त्यामुळे कोड पुढे जाऊन ‘माहिती जतन झाली’ म्हणून मोकळा. आधी पहिल्याचं काम गुपचूप जात होतं, आता दुसऱ्याचं जायला लागलं. तपासणी लावल्यावर शून्याचं काय केलं जातं, हे म्हणूनच मुद्दाम बघावं. शून्याचा अर्थ ‘दुसऱ्याने बदलली’ असाही असतो आणि ‘दुसऱ्याने नोंदच काढून टाकली’ असाही. दोन्हींचे संदेश वेगळे हवेत.

आवृत्तीऐवजी ‘शेवटच्या बदलाची वेळ’ तपासू, रकाना आधीच आहे, असंही कंपनीने सुचवलं. मी नको म्हटलं. मायएसक्यूएलमध्ये साधा `DATETIME` सेकंदापर्यंतचीच वेळ ठेवतो. नागपूरहून कारखान्याच्या बसेस येतात, सगळे विभाग एकदम जागेवर बसतात आणि पुढचा अर्धा-पाऊण तास मास्टरवर झुंबड असते. तेव्हा दोन सेव्ह एकाच सेकंदात पडणं अशक्य नाही. एकेकाने वाढणाऱ्या साध्या आकड्याला घड्याळाची गरज लागत नाही.

खरा वेळ गेला तो नाकारल्यानंतर माणसाला काय दाखवायचं हे ठरवण्यात. सोपा मार्ग म्हणजे ‘ही नोंद दुसऱ्या वापरकर्त्याने बदलली आहे, पान पुन्हा उघडा’ असा संदेश. त्यात मॅडमनी भरलेलं सगळं पुसलं जातं. दोन-तीनदा असं झालं की माणूस आधी सगळं वहीत उतरवून ठेवतो किंवा चिडून सॉफ्टवेअर वापरणंच टाळतो. आम्ही तीन रकान्यांचा पडदा करून घेतला: तुम्ही उघडलं तेव्हा काय होतं, आता काय आहे आणि ते कुणी केलं, आणि तुम्ही काय भरलं आहे. मॅडमना दिसलं असतं, की लेव्हल तेव्हा १५, आता ४०, बदल स्टोअरकडून. लीड टाइम तेव्हा १०, आताही १०, तुमचे १६. यासाठी फॉर्ममध्ये मूळ आकडेही साठवून ठेवावे लागतात, तेवढी तयारी हवी.

हा पडदा पाहिल्यावर कुणीही विचारेल, आणि आमच्या प्लांट मॅनेजर साहेबांनी विचारलंच: दोघांनी वेगवेगळ्या चौकटी बदलल्या असतील तर माणसाला कशाला विचारायचं? मशीनने दोन्ही बदल एकत्र करून टाकावेत. विकिपीडियावर असंच होतं. दोघांनी लेखाचे वेगवेगळे भाग बदलले तर ते आपोआप जुळवले जातात, आणि एकाच भागावर दोघांचा हात पडला तरच संपादकाला पाचारण होतं. लेखाच्या दोन परिच्छेदांना ते चालतं. आमच्या बेअरिंगवर करून बघा. भाऊंचे ४० आणि मॅडमचे १६ एकत्र केले तर नोंदीत लेव्हल ४०, लीड टाइम १६ असं बसेल. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण भाऊंचे चाळीस हे दहा दिवसांच्या लीड टाइमवर काढलेले होते. सोळा दिवसांना तीन गुणिले सोळा अधिक दहा, म्हणजे ५८ लागतात. चाळीसवर मागणी काढली तर तेराव्या दिवसानंतर पेटीत एकच बेअरिंग उरेल, चौदाव्या दिवशी तुटवडा, आणि माल सोळाव्या दिवशी. आधीपेक्षा नुकसान कमी, पण लाइन पुन्हा थांबणारच, आणि या वेळी ज्या जोडीमुळे थांबली ती जोडी कुणीच पाहिलेली किंवा ठरवलेली नसेल.

म्हणून आम्ही एकमेकांवर अवलंबून असलेल्या चौकटींचे गट पाडले. लीड टाइम, रीऑर्डर लेव्हल आणि राखीव साठा एका गटात. त्यातल्या कुठल्याही चौकटीवर दोघांचा हात पडला, मग चौकटी वेगळ्या का असेनात, की माणसाला विचारायचं. रॅक नंबर आणि दर यांचा परस्परसंबंध नाही, ते आपोआप जुळवले तर चालतात. कुठल्या चौकटी एका गटात बसतात हे प्रोग्रामर सांगू शकत नाही. ते स्टोअर आणि पर्चेसच्या माणसांना समोरासमोर बसवूनच ठरतं. आमच्याकडे त्या बैठकीत पहिल्यांदाच कळलं की मॅडम लीड टाइम बदलतात तेव्हा भाऊंना कधी कळवलंच जात नव्हतं.

प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर एक तक्रार आली: पर्चेसला नोंद सेव्हच करता येत नाही, सतत नकार. कारण शोधलं तर ‘सध्याचा साठा’ हा आकडाही त्याच ओळीत होता. स्टोअरच्या खिडकीतून दर इश्यू स्लिपला एक बेअरिंग दिलं की ओळ बदलणार, आवृत्ती वाढणार, आणि पर्चेसचं उघडलेलं पान शिळं होणार. साठा हा माणसाने पडद्यावर टाइप करायचा आकडाच नव्हे. तो आवक-जावकीच्या नोंदींतून येतो, आणि तो कमी करायचा असेल तर ‘३७ लिही’ असं न सांगता ‘आहे त्यातून तीन वजा कर’ असं सांगायचं: `qty = qty - 3`. अशा आज्ञा कुठल्याही क्रमाने आल्या तरी उत्तर तेच येतं, त्यांना आवृत्तीची गरज नाही. साठा शून्याखाली जाणार नाही एवढी अट जोडली की पुरे. आम्ही साठ्याचा रकाना वेगळ्या तक्त्यात हलवला आणि नकार जवळपास थांबले. नकार फार येत असतील तर तपासणी सैल करू नका. एका ओळीत नको त्या गोष्टी कोंबल्या आहेत का ते बघा.

मागच्या दारांचाही बंदोबस्त करावा लागतो. आमच्याकडे दर बदलायला एक्सेलची फाइल चढवायची सोय होती, आणि रात्री एक आपोआप चालणारं कामही होतं. दोन्ही थेट तक्त्यात लिहायची आणि आवृत्ती वाढवायला विसरायची. मग पडदा म्हणणार आवृत्ती ८च आहे, आणि एक्सेलने आणलेला दर पुसला जाणार. यावर उपाय डेटाबेसमध्येच बसवला, म्हणजे कोण लिहितंय याला महत्त्व उरत नाही:

```sql
CREATE TRIGGER item_master_bu
BEFORE UPDATE ON item_master
FOR EACH ROW SET NEW.version = OLD.version + 1;
```

फक्त रात्रीच्या कामाला सांगितलं, की ज्या ओळीचा दर खरंच बदलला तेवढीच ओळ लिही. नाहीतर ते रोज सगळ्याच ओळींची आवृत्ती वाढवतं आणि रात्रपाळीचा माणूस कारण नसताना नकार खातो.

उघडल्याबरोबर नोंदीला कुलूपच का लावू नये, हा प्रश्न अनेक जण विचारतात. नेटवर्कवरची एक्सेल फाइल एकाने उघडली की दुसऱ्याला फक्त वाचता येते, तसं. आमच्याकडे एका जुन्या मोड्यूलमध्ये ते होतं. संध्याकाळची बस कुणासाठी थांबत नाही. माणूस पडदा उघडा टाकून धावतो, आणि नोंद दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बंद. मग कुलूप किती मिनिटांनी आपोआप उघडायचं हे ठरवा, ते उघडल्यावर पहिल्याने येऊन सेव्ह केलं तर काय, हे ठरवा. आणि त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा आवृत्ती तपासणी हेच येतं. तरीही जिथे एक बदल करायला माणसाचा तास-दोन तास जातो, उदाहरणार्थ एखाद्या उत्पादनाच्या सुट्या भागांची अख्खी यादी सुधारणं, तिथे शेवटी नकार देणं क्रूरपणाचं आहे. तिथे ‘ही यादी अमुक व्यक्ती सुधारत आहे’ अशी पाटी आधीच दाखवावी, आणि तपासणी तरीही ठेवावी.

ज्यांची प्रणाली दुसऱ्या प्रणालीशी वेबवरून बोलते, त्यांच्यासाठी हीच सोय एचटीटीपीत आहे. सर्व्हर नोंदीबरोबर `ETag` पाठवतो, बदल पाठवणारा तो `If-Match`मध्ये परत देतो, आणि जुळला नाही तर उत्तर येतं ४१२. हरवलेल्या बदलांवर हा उपाय सांगणारं टिपण डब्ल्यूथ्रीसीने १९९९ सालीच प्रसिद्ध केलं आहे. मोबाइल अ‍ॅप किंवा पुरवठादाराचं पोर्टल जोडणार असाल तर `If-Match` नसलेला बदल स्वीकारायचाच नाही, असा नियम ठेवा. नाहीतर तेही एक मागचं दार ठरेल.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे हे बघायला प्रोग्रामर लागत नाही. चाचणीच्या सर्व्हरवर एक नोंद दोन ब्राउझरमध्ये, दोन वेगळ्या लॉगिनने उघडा. पहिल्यात एक चौकट बदलून सेव्ह करा. दुसऱ्यात पान ताजं न करता वेगळीच चौकट बदलून सेव्ह करा. मग तिसऱ्या खिडकीत नोंद उघडून बघा. पहिला बदल गायब असेल आणि दुसऱ्या खिडकीत ‘जतन झाली’ आलं असेल, तर दोष आहे. हीच चाचणी एक्सेल चढवण्याच्या सोयीवरही करा, कारण तिथे हटकून सापडतो. नवीन सॉफ्टवेअर घेत असाल तर ही चाचणी स्वीकृतीच्या अटींमध्ये लेखी घाला, आणि शेवटचा हप्ता ती तुमच्या माणसांनी, तुमच्या पडद्यावर उत्तीर्ण केल्याशिवाय सोडू नका.